क्रेनचा लोड चार्ट मराठीत करताना: अटी आधी, आकडे नंतर

सांगली-साताऱ्याच्या साइटवर भाड्याने येणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये लोड चार्ट असतो, पण तो इंग्रजीत असतो. खाली माल बांधणाऱ्या खलाशांना तो वाचता येत नाही. ऑपरेटर बहुधा वाचतो, पण सवयीच्या दोन-चार रकान्यांपुरताच. मग कुणीतरी ज्युनिअर इंजिनिअर रात्रीत बसून आकड्यांचा तक्ता मराठीत टाईप करतो, लॅमिनेट करतो आणि साइट ऑफिसच्या दाराला लावतो. असा तक्ता नसलेला बरा. त्यात आकडे असतात, पण ते आकडे कुठल्या अटींवर खरे आहेत ते नसतं.

हे काम मी दोनदा चुकीचं आणि नंतर बऱ्यापैकी बरोबर केलं आहे. खालचा क्रम त्यातून आलेला आहे. उदाहरणासाठी एकच उचल धरली आहे. तासगाव तालुक्यात कालव्याच्या रस्त्याखाली प्रीकास्ट बॉक्स कल्व्हर्टचे तुकडे बसवायचे आहेत आणि त्यासाठी ४० टनी ट्रक क्रेन आली आहे. चार्टचे आकडे नमुन्याचे आहेत, कुठल्याही खऱ्या क्रेनसाठी वापरू नका.

## १. भाषांतराआधी काय हातात हवं

पहिली गोष्ट म्हणजे त्याच क्रेनचा चार्ट. हे सांगावं लागतं, कारण भाड्याच्या यार्डातून क्रेन निघताना एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचे चार्ट अदलाबदल झालेले मी पाहिले आहेत. क्रेनच्या पाटीवरचं मॉडेल आणि सिरियल नंबर चार्टच्या पहिल्या पानाशी जुळवा. जुळले नाहीत तर काम तिथेच थांबवा आणि क्रेनमालकाकडून बरोबरचा चार्ट मागवा.

चार्टची सगळी पानं घ्या, शेवटची तळटिपांची पानं तर नक्कीच. केबिनमध्ये नुसता तक्ता चिकटवलेला असतो आणि तळटिपा मॅन्युअलमध्ये असतात. मॅन्युअल बहुतेक वेळा ऑपरेटरच्या सीटमागच्या पेटीत, ग्रीसच्या डब्याखाली सापडतं.

दुसरं, वजनं. हुक ब्लॉकचं वजन त्याच्या बाजूच्या पत्र्यावर ठोकलेलं असतं. स्लिंग, बेल्ट आणि शॅकलवर त्यांच्या चालू भाराचा टॅग किंवा ठोकलेला आकडा असतो. तो वाचता येत नसेल तर तो नग बाजूला काढा, भाषांतरात त्याला जागा नाही. आणि उचलायच्या मालाचं ड्रॉइंग हवंच, कारण अंदाजाने सांगितलेलं वजन नेहमी कमी निघतं.

तिसरं, एकक. चार्टवर टन लिहिलंय म्हणजे आपला १००० किलोचा टन असं धरू नका. अमेरिकी चार्टमधला टन २००० पौंडांचा, म्हणजे साधारण ९०७ किलोचा असतो, आणि अंतरं फुटांत असतात. अशा चार्टवरचे १० टन म्हणजे आपले ९ टनांच्या जरासे वर. मराठी तक्त्याच्या माथ्यावर "१ टन = १००० किलो" असं लिहा आणि सगळे आकडे त्यात बदलून घ्या. बदलताना खालच्या बाजूला पूर्णांक करा, वर नाही.

तपासा: चार्ट, तळटिपा, हुक ब्लॉकचं वजन, स्लिंगचे टॅग, मालाचं ड्रॉइंग. पाचपैकी एक जरी नसेल तर टायपिंगला बसू नका.

## २. शब्द खलाशांबरोबर ठरवा, शब्दकोशातून नाही

माझ्या पहिल्या तक्त्यात "त्रिज्या" होतं, "भारवहन क्षमता" होतं आणि "प्रतिभार" होता. आमच्या खलाशी मुकादमांनी तो दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाले, "सायेब, त्रिज्या म्हंजे कुठनं कुठवर मोजायचं ते लिवा की." त्यांना त्रिज्या कळत नव्हती असं नाही. त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि माझ्या तक्त्यात त्याचं उत्तर नव्हतं.

साइटवर रेडियस, बूम, हुक, स्लिंग, बेल्ट, शॅकल, काऊंटरवेट हेच शब्द चालतात. तेच ठेवा. आऊटरिगरला आमच्याकडे "पाय" म्हणतात, काही ठिकाणी "जॅक". तुमच्या टोळीत जो शब्द असेल तो एकच धरा. मराठी खर्च करायची ती शब्दाच्या अर्थावर. उदाहरणार्थ:

रेडियस: क्रेन ज्याच्याभोवती फिरते त्या टेबलाच्या मधोमधपासून हुकाच्या ओळंब्यापर्यंत, जमिनीवर मोजलेलं आडवं अंतर.

ओळंबा शब्द गवंड्यांमुळे सगळ्यांना माहीत असतो, म्हणून ही व्याख्या लगेच बसते. पुढे एक ओळ जोडा: बंपरपासून नाही, पायापासून नाही, बूमच्या बुडापासून नाही. फसगत याच तीन ठिकाणी होते, आणि प्रत्येक वेळी मोजलेलं अंतर खऱ्याशी जुळत नाही.

### "खाली घे" हा शब्द बंद करा

या सगळ्या कामात सगळ्यात जास्त वेळ मी या एका शब्दावर घालवला आणि तुम्हीही घालवा. मराठीत "खाली घे" म्हणजे हुक खाली सोडणंही होतं आणि बूम खाली झुकवणंही. हुक खाली आला तर रेडियस तेवढाच राहतो. बूम खाली झुकला तर माल क्रेनपासून लांब जातो, रेडियस वाढतो आणि क्रेनची ताकद झपाट्याने कमी होते. एकाच शब्दाने एकदा माल खाली येतो, एकदा क्रेन उलटते.

म्हणून क्रियापदाआधी नेहमी वस्तूचं नाव हवं: "हुक खाली", "हुक वर", "बूम खाली", "बूम वर". नुसतं "खाली" ऐकलं तर ऑपरेटरने हलायचं नाही, असं तक्त्यावर लिहा. जुने खलाशी हुक सोडायला "आरिया" म्हणतात आणि उचलायला "हाबीस". हे शब्द फक्त हुकासाठी वापरले जात असतील तर राहू द्या, ते "खाली घे"पेक्षा कितीतरी स्वच्छ आहेत. मात्र टोळीत नवा माणूस आला की त्याला ते कळतात का हे विचारा. गावातून हंगामी आलेल्या पोरांना बहुधा कळत नाहीत.

"सोड" हाही असाच शब्द. सैल कर, की हुकातून काढ? पहिल्यासाठी "ढील दे", दुसऱ्यासाठी "हुक काढ" लिहा.

### नकार वाक्याच्या शेवटी असतो

वॉकीटॉकीवर वाक्याचं शेपूट तुटतं. "बूम खाली घेऊ नको" मधलं "ऊ नको" गेलं तर पलीकडे "बूम खाली घे" पोचतं. मराठीची रचनाच अशी आहे, त्याला इलाज नाही. त्यामुळे बोलायच्या सूचनांमध्ये नकार ठेवूच नका. थांबवायचं असेल तर पहिला शब्द "थांब", तोही दोनदा, आणि मग कारण. "थांब, थांब, बूम खाली येतोय."

लेखी सूचनांतही शक्य तिथे काय करायचं तेच लिहा. "मालाखाली उभे राहू नये" यापेक्षा "माल हवेत असताना सगळे पिवळ्या पट्टीच्या बाहेर" हे जास्त चांगलं, कारण पट्टी दिसते. आणि तो "-ावे"चा सरकारी सूर सोडा. "तपासावे" हा सल्ला वाटतो. "तपास. मगच उचल." हा आदेश वाटतो, आणि मूळ इंग्रजीत तो आदेशच आहे.

तपासा: ठरलेले शब्द एका पानावर लिहून ऑपरेटर, सिग्नलमन आणि मुकादम यांना एकत्र वाचून दाखवा. तिघांनी प्रत्येक शब्दावर हाताची एकच खूण केली पाहिजे.

## ३. तळटिपा आधी, तक्ता नंतर

चार्टमधला आकडा अटींच्या एका गठ्ठ्यावर उभा असतो. पाय पूर्ण बाहेर की अर्धे? काऊंटरवेट किती लावलंय? क्रेन सपाटीवर आहे का? माल पाठीमागे उचलताय, बाजूला, की चारी दिशांनी? यातली एक अट बदलली की चार्टचं पानच बदलतं. म्हणून मराठी पानाच्या वरच्या अर्ध्या भागात अटी आणि खाली आकडे, अशी मांडणी करा. अटी तळाला बारीक अक्षरात गेल्या की संपल्या.

आमच्या नमुन्याच्या क्रेनचं वरचं डोकं असं होतं:

- पाय चारही पूर्ण बाहेर, टायर जमिनीवरून उचललेले
- प्रत्येक पायाखाली लाकडी स्लीपर किंवा लोखंडी प्लेट
- काऊंटरवेट पूर्ण लावलेलं
- लेव्हलचा बुडबुडा मधल्या गोलात
- वारा चार्टमध्ये दिलेल्या मर्यादेच्या आत

वाऱ्याची मर्यादा बहुधा मीटर प्रतिसेकंदात असते. ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. चाळकेवाडीच्या पठारासारख्या ठिकाणी हा मुद्दा मोठा होतो, कृष्णाकाठच्या सपाटीवर तो क्वचित अडवतो. पठारावर काम असेल तर वाऱ्याची ओळ सगळ्यात वर न्या.

### "धरलेलं आहे" या दोन शब्दांचा सापळा

जवळपास प्रत्येक चार्टच्या तळटिपेत असं वाक्य असतं की दिलेल्या भारांमध्ये हुक, ब्लॉक, स्लिंग आणि उचलायची इतर साधनं समाविष्ट आहेत. मी ते शब्दशः केलं होतं: "या वजनात हुक, ब्लॉक व स्लिंगचे वजन धरलेले आहे."

वाचा आणि प्रामाणिकपणे सांगा, काय कळलं? मराठी वाचणाऱ्याला वाटतं की कंपनीने ते वजन आधीच हिशोबात घेतलंय, आपल्याला त्याची चिंता नाही. अर्थ नेमका उलटा आहे. चार्टचा आकडा म्हणजे बूमच्या टोकाला लटकणाऱ्या सगळ्याचा मिळून आकडा. त्यातून हुक ब्लॉक, स्लिंग, शॅकल वजा केल्यावर जे उरेल तेवढाच माल उचलता येतो.

मूळ वाक्याची रचना सोडून द्या आणि कृती लिहा:

चार्टमधल्या आकड्यातून आधी हुक ब्लॉक, स्लिंग, शॅकल आणि बूमला लावलेला जिब यांचं वजन वजा कर. उरलं तेवढाच माल.

जिब बाजूला दुमडून ठेवलेला असला तरी काही क्रेनमध्ये त्याचं वजन वजा करावं लागतं. किती करायचं तो आकडा त्याच क्रेनच्या तळटिपेत दिलेला असतो.

सावधान: "समाविष्ट", "धरून", "सह" असे शब्द भाराच्या वाक्यात आले की थांबा. वजा करायचं की नाही हे वाचणाऱ्याला न विचारता कळलं पाहिजे.

## ४. आकड्यांचा तक्ता

पूर्ण चार्ट मराठीत करू नका. तो दहा-पंधरा रकान्यांचा असतो, टायपिंगची एक चूक कुठेही लपते, आणि टोळीला त्यातला कोपराच लागतो. आपल्या कामाला लागणारी बूमची लांबी आणि रेडियस तेवढेच घ्या. पूर्ण इंग्रजी चार्ट केबिनमध्येच राहतो आणि शंका आली तर शब्द त्याचाच अंतिम. हेही मराठी पानावर लिहा.

आमच्यासाठी १८ मीटर बूम पुरेसा होता:

| रेडियस (मीटर) | पाय पूर्ण बाहेर (टन) | पाय अर्धे बाहेर (टन) |
|---|---|---|
| ८ | ११.५ | ७.० |
| ९ | ९.० | ५.४ |
| १० | ७.४ | ४.३ |
| १२ | ५.२ | उचलायचं नाही |

इथे लेखात देवनागरी आकडे दिलेत, पण तुमच्या तक्त्यात ते वापरू नका. केबिनमधल्या स्क्रीनवर `9.0` आणि `7.4` असंच दिसतं आणि ऑपरेटर तेच जुळवणार. शिवाय हाताने लिहिलेला देवनागरी चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि धुळीने माखलेल्या लॅमिनेशनमधून एक आणि नऊ सारखेच भासतात. टोळीत बिहार-बंगालची माणसं असतात तेव्हाही इंग्रजी आकडे सगळ्यांना चालतात.

रिकामे रकाने रिकामे ठेवू नका. मूळ चार्टमध्ये रिकामी जागा किंवा आडवी रेघ म्हणजे तिथे उचलायला परवानगीच नाही. आपल्याकडे रिकामी जागा म्हणजे "लिहायचं राहिलं" असं समजून कुणीतरी वरच्या-खालच्या आकड्यावरून अंदाज बांधतो. म्हणून "उचलायचं नाही" असं लिहाच.

रेडियस दोन ओळींच्या मध्ये आला तर पुढची, म्हणजे मोठ्या रेडियसची ओळ घ्यायची. साडेनऊ मीटर म्हणजे दहाची ओळ. मधला आकडा काढत बसायचं नाही. हे तक्त्याच्या लगेच खाली लिहा, उदाहरणासकट.

### जाड रेषा

बऱ्याच चार्टमध्ये एक जाड रेषा किंवा रंगवलेला भाग असतो. बहुतेकांत तिच्या एका बाजूचे आकडे क्रेन उलटण्याच्या हिशोबाने दिलेले असतात, दुसऱ्या बाजूचे बूम किंवा रोप तुटण्याच्या हिशोबाने. कुठली बाजू कुठली हे तळटिपेत पाहा, अंदाज नको.

हा फरक मराठीत आला नाही तर जुन्या ऑपरेटरची एक सवय घात करते. ते म्हणतात, "पाय उचलायला लागला की मला कळतं, मी लगेच सोडतो." उलटण्याच्या भागातही ही धोक्याचीच सवय आहे, पण निदान काहीतरी जाणवतं. तुटण्याच्या भागात पाय हलतच नाही, क्रेन घट्ट उभी असते आणि बूम मोडतो. त्या रकान्यांना वेगळा रंग द्या आणि शेजारी लिहा: "इथे क्रेन आधी इशारा देणार नाही."

तपासा: एकाने मूळ चार्टमधले आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मराठी तक्त्यावर बोट ठेवून टिक करायची. मग दोघांनी जागा बदलून पुन्हा. स्वतःचं टायपिंग स्वतः तपासलं तर ते तपासलं असं होत नाही.

## ५. एक उचल पूर्ण करून पाहा

तक्ता लावण्याआधी खरा माल घेऊन हिशोब करा आणि तो हिशोब तक्त्याच्या मागच्या बाजूला मराठीत लिहा. माझ्या अनुभवात टोळी पुढची बाजू वाचत नाही, मागचं उदाहरण वाचते.

बॉक्सचा तुकडा आतून २ मीटर बाय २ मीटर, भिंत २०० मिलीमीटर जाड, लांबी दीड मीटर. बाहेरून २.४ बाय २.४ म्हणजे ५.७६ चौरस मीटर, त्यातून पोकळीचे ४ वजा केले की १.७६ उरले. आतल्या चार कोपऱ्यांतल्या तिरक्या भरावाचे थोडे धरून १.८. गुणिले दीड मीटर म्हणजे २.७ घनमीटर. सळईसह काँक्रीट घनमीटरला अडीच टन, म्हणजे तुकडा साधारण ६.८ टनांचा. साइटवर सगळे त्याला "सहा टनी बॉक्स" म्हणत होते.

आता लटकणारं बाकीचं: हुक ब्लॉक ०.३५ टन, स्लिंग आणि शॅकल मिळून ०.१, दुमडलेल्या जिबसाठी तळटिपेप्रमाणे ०.२५. एकूण ७.५ टन.

बॉक्स ठेवायच्या जागेवर ओळंबा धरून टेपने मोजलं तर रेडियस ९.४ मीटर आला. म्हणजे दहाची ओळ, ७.४ टन.

नुसता बॉक्स पाहिला तर ६.८ विरुद्ध ७.४, चालतंय असं वाटतं. "धरलेले आहे" वाचणारा इथेच उचलून मोकळा होतो. खरा हिशोब ७.५ विरुद्ध ७.४ आहे आणि उत्तर "नाही" आहे. त्यात भार आला की बूम वाकतो, पाय थोडे बसतात, आणि टेपने मोजलेला रेडियस प्रत्यक्ष उचलताना आणखी वाढतो.

आमच्या खोदाईच्या एका बाजूला काळी माती होती, दुसऱ्या बाजूला दाबलेला मुरूम. क्रेन काळ्या बाजूला उभी केली होती, कारण ट्रेलर तिकडून आला होता. काळीत आणखी कडेला सरकणं म्हणजे पायाखालची कड ढासळवणं. म्हणून क्रेन मुरमाच्या बाजूला घेतली आणि कडेपासूनचं अंतर इंजिनिअरने ठरवून दिलं. तिथून रेडियस बरोबर ८ मीटर आला. चार्ट ११.५ टन, आपला भार ७.५, म्हणजे ६५ टक्के. उचल झाली.

तिथेही जागेअभावी एक पाय अर्धाच बाहेर काढायचा प्रस्ताव आला होता. तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात ८ मीटरला ७.० लिहिलेलं मुकादमांनीच बोट ठेवून दाखवलं. मग अडवणारा मातीचा ढीग पाऊण तासात हलवला.

## ६. स्लिंगचा कोन: आकडा नको, लांबी द्या

बांधणीच्या सूचनांमध्ये सगळ्यात घातक शब्द "६० अंश" हा आहे. कारण कोन कुठून मोजायचा ते देश आणि कंपनीनुसार बदलतं. अमेरिकी तक्ते आडव्या रेषेपासून मोजतात, युरोपी टॅग उभ्या रेषेपासून, आणि काही जुने तक्ते दोन स्लिंगच्या मधला कोन देतात. आडव्यापासून ६० अंश ही चांगली बांधणी आहे. उभ्यापासून ६० अंश म्हणजे आडव्यापासून फक्त ३०, म्हणजे सगळ्यात वाईट.

माझी दुसरी चूक हीच. एका टॅगवर उभ्यापासून कमाल ६० दिलेलं होतं, दुसऱ्या तक्त्यात आडव्यापासून किमान ६०. मी दोन्ही एकाच पानावर उतरवले, "कोन ६० अंशांपेक्षा जास्त नको" आणि "कोन ६० अंशांपेक्षा कमी नको". मुकादमांनी पान परत आणून दिलं, काही बोलले नाहीत.

कोनाने किती फरक पडतो ते आपल्याच बॉक्सवर पाहा. वर चार कड्या आहेत आणि चार स्लिंग लावल्यात, पण काँक्रीटचा बॉक्स वाकत नाही. लांबीत जरा फरक पडला की भार समोरासमोरच्या दोनच स्लिंगवर येतो, म्हणून हिशोब दोनवरच धरायचा. ६.८ टनांचा बॉक्स असेल तर प्रत्येक स्लिंगवर:

- आडव्यापासून ६० अंश: ३.९ टन
- ४५ अंश: ४.८ टन
- ३० अंश: ६.८ टन

पाच टनी स्लिंग पहिल्यात आरामात, दुसऱ्यात काठावर, तिसऱ्यात तुटण्याच्या वाटेवर.

खलाशाकडे कोनमापक नसतो, टेप असतो. म्हणून कोन लांबीत बदला. दोन स्लिंग आणि कड्यांमधलं अंतर यांचा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण झाला की आडव्यापासून बरोबर ६० अंश होतात. मग सूचना अशी लिहिता येते:

समोरासमोरच्या दोन कड्यांमधलं अंतर एका स्लिंगच्या लांबीपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर लांब स्लिंग आण.

आमच्या बॉक्सवर कड्या २ मीटर बाय १.१ मीटरच्या चौकोनात होत्या, तिरपं अंतर २.२८ मीटर. स्लिंग अडीच मीटरची, म्हणजे ठीक. चार कड्या असल्या की तिरपं अंतर मोजायचं, हे चित्र काढून दाखवा. शब्दांत सांगितलं की लोक बाजूच मोजतात.

फास घालून बांधलं तर स्लिंगची ताकद साधारण ८० टक्क्यांवर येते. टॅगवर फासाचा आकडा वेगळा दिलेला असतो, तोच घ्या. बेल्टचे रंग मात्र आयते मदतीला येतात. युरोपी मानकाप्रमाणे जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. पण रंगावर विसंबायचं नाही, टॅगवरचा आकडा वाचायचा. बाजारात नुसतेच रंगवलेले बेल्टही मिळतात.

सावधान: शॅकलच्या सूचनेत "पिन घट्ट करा" एवढंच लिहू नका. पिन सरकणाऱ्या दोरावर टेकली तर दोर तिला फिरवतो आणि ती उघडते. "फास घालताना सरकणारा दोर शॅकलच्या कमानीतून, पिन डोळ्याच्या बाजूला" असं लिहा आणि शेजारी फोटो लावा.

## ७. न पाहिलेल्या माणसाकडून वाचून घ्या

तयार पान अशा खलाशाला द्या ज्याने मूळ चार्ट पाहिलेला नाही आणि भाषांतराच्या बैठकीतही तो नव्हता. "कळलं का?" विचारू नका, उत्तर नेहमी "हो साहेब" येतं. काम द्या: "या बॉक्सला साडेआठ मीटरवर उचलता येईल का, पानावर बोट ठेवून सांग." त्याने नऊची ओळ धरली, ९.० वर बोट ठेवलं, हुक ब्लॉक-स्लिंग-जिबचे ०.७ वजा केले आणि ८.३ विरुद्ध ६.८ असं सांगितलं तर पान पास. आठच्या ओळीवर गेला किंवा वजाबाकी विसरला तर दोष पानाचा आहे, त्याचा नाही. वाक्य बदला आणि दुसऱ्या नव्या माणसाकडे जा.

दुसरी परीक्षा वॉकीटॉकीवर. सिग्नलमनला जनरेटरच्या शेजारी उभा करा आणि ठरलेले सगळे शब्द बोलायला लावा. ऑपरेटरने प्रत्येक शब्द परत बोलून दाखवायचा. आमच्याकडे "बूम वर" आणि "हुक वर" यांत "वर" तेवढा ऐकू येत होता. शेवटी "बूम" दोनदा म्हणायचं ठरलं.

पानाच्या चारही कोपऱ्यांपैकी एकात क्रेनचं मॉडेल, सिरियल नंबर, काऊंटरवेट, तारीख आणि तपासणाऱ्या दोघांच्या सह्या हव्यात. क्रेन बदलली, किंवा त्याच क्रेनचं काऊंटरवेट कमी-जास्त झालं, की पान खाली उतरवायचं. आमच्याकडे हे मुकादमांकडे आहे. क्रेन गेटबाहेर गेली की ते पान दारावरून काढून ऑफिसात आणून देतात, आणि नवी क्रेन आली की आधी तिच्या पाटीचा फोटो पाठवतात.